दात्याच्या घरच्यांना पत्र: मी काय लिहिलं, काय खोडलं

प्रश्न: सात महिन्यांपूर्वी मला मेंदूमृत दात्याची किडनी मिळाली. त्यांच्या घरच्यांना पत्र लिहायचंय, पण चार वेळा कागद फाडला. धन्यवाद हा शब्दच तोकडा वाटतो. आणि माझं बरं होणं वाचून त्यांना त्रास झाला तर? कोणी लिहिलंय का असं पत्र? पाठवायचं कुठे?

उत्तर:

ताई, मी लिहिलंय. साडेतीन वर्षं डायलिसिसवर काढल्यावर 2017 मध्ये मला किडनी मिळाली आणि पत्र त्यानंतर अकरा महिन्यांनी गेलं. मीही बरेच कागद फाडले होते.

पाठवायचं ते तुमच्या हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरकडे. माझं पत्र त्यांनी अवयववाटप पाहणाऱ्या झेडटीसीसी या संस्थेमार्फत दात्याच्या हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरकडे दिलं आणि घरच्यांची तयारी आहे का हे विचारून मगच ते त्यांच्या हाती गेलं. दोन्हीकडची ओळख गुप्त ठेवायची असते, म्हणून पत्रात आपलं आडनाव, गाव, हॉस्पिटल, ऑपरेशनची तारीख काही नको. पेपरात ग्रीन कॉरिडॉरची बातमी येते, तारीख जुळवली की घर सापडतंही. तरी जाऊ नका. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला परत पाठवणं त्यांना जमणार नाही. पत्र मात्र त्यांना नको वाटलं तर न उघडता ठेवून देता येतं.

साडी, मिठाई, मुलांच्या शिक्षणाला थोडे पैसे असं काहीही सोबत देऊ नका. अवयवासाठी पैशांची देवघेव 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, भावकीतला एखादा माणूस "किडनीचे पैसे घेतले" म्हणायला टपलेलाच असतो. तुमच्या साडीमुळे त्याच्या हातात कोलीत नको.

आता मजकुराचं. माझ्या पहिल्या कागदांवर नुसतं देवदूत, ऋण, पुनर्जन्म असलंच होतं. ते वाचून आमच्या कोऑर्डिनेटर ताई म्हणाल्या, "दादा, ते लोक मला नंतर एकच विचारतात, किडनी चालली का?" त्या एका वाक्याने माझं पत्र बदललं.

त्यांनी काय पाहिलंय ते डोळ्यांसमोर आणा. व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होतेय, हात लावला तर अंग गरम आहे, मॉनिटरवर ठोके दिसतायत आणि डॉक्टर सांगतायत की माणूस गेला. ब्रेन डेथच्या तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. मधले ते तास त्यांनी बाहेरच्या बाकड्यावर काढलेत. मग सही. मग अवयव काढून होईपर्यंत पुन्हा वाट, आणि घरी न्यायला उशीर. आपण घाई तर केली नाही ना, ते वाया तर गेलं नाही ना, हा सल अशा घरात राहू शकतो. तुमच्या बऱ्या होण्याने त्यांना त्रास होईल असं तुम्हाला वाटतं; मला वाटतं, काहीच न कळण्याचा त्रास जास्त असावा. म्हणून आभार दोन ओळींत आवरा आणि किडनी काय करते ते सांगा. अगदी रोजचं सांगा.

माझं पत्र देतो:

> आदरणीय कुटुंबीयांस,
> सप्रेम नमस्कार.
>
> तुमच्या घरातल्या ज्या व्यक्तीची किडनी मला मिळाली, त्यांचं नाव मला माहीत नाही. त्यांच्या जाण्याचं दुःख काय असेल याचा अंदाज मी करू शकत नाही. त्या दिवशी तुम्ही हो म्हणालात म्हणून मी हे पत्र लिहू शकतोय.
>
> मी दोन मुलींचा बाप आहे. आधी आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास मशीनवर असायचो. दिवसभरात पाऊण लिटर पाणी चालायचं, त्यातच चहा आणि आमटी धरायची. उन्हाळ्यात तोंडात बर्फाचा खडा धरून बसायचो.
>
> किडनी बसवल्यावर पहिले पाच दिवस ती चालली नाही. दोनदा डायलिसिस करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, ती झोपली आहे, उठेल. सहाव्या दिवशी पहाटे लघवीची पिशवी भरलेली दिसली आणि सिस्टरनी माझ्या बायकोला हाक मारून दाखवली. किडनी बिघडली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन तिसऱ्या आठवड्यात नऊवरून 1.4 वर आलं. त्यानंतर डायलिसिस लागलं नाही.
>
> आता मी रोज तीन लिटर पाणी पितो. पुन्हा कामावर जातो. धाकटीला शाळेत सोडतो. किडनी पोटाच्या उजव्या बाजूला खाली आहे, हाताला लागते. बसमध्ये गर्दी असली की मी तिथे हात आडवा धरतो. सकाळी नऊ आणि रात्री नऊ, गोळ्यांची वेळ चुकवत नाही. गोळ्यांनी हात थोडा थरथरतो, म्हणून अक्षर असं आलंय.
>
> उत्तर द्यावं असा आग्रह नाही. किडनी नीट चालू आहे, एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.
>
> आपला कृतज्ञ,
> एक रुग्ण

लघवीच्या पिशवीचं वाक्य मी दोनदा खोडलं होतं. शोकात असलेल्या घरी असलं लिहावं का, असं वाटायचं. ताईंनी ते ठेवायला लावलं, कारण किडनी चालते म्हणजे दुसरं काय होतं?

जे कायमचं खोडलं तेही सांगतो. "तुमचा मुलगा माझ्यात जिवंत आहे" असं लिहिलं होतं. एक तर मुलगा की मुलगी की आजोबा, मला ठाऊक नव्हतं. आणि हे त्यांनी म्हणायचं वाक्य आहे, आपण नाही. ज्या आईने अस्थी विसर्जित केल्या तिला आपण हे सांगू नये. "देवाची इच्छा" हेही काढलं. माझ्यासाठी ती इच्छा होती, त्यांच्यासाठी तो अपघात असेल.

तुम्ही सातव्या महिन्यात आहात. क्रिएटिनिन स्थिर असेल तर लिहायला हरकत नाही. वरखाली होत असेल तर थोडं थांबा. माझं आठव्या महिन्यात 1.4 वरून 2.2 झालं होतं. लघवी कमी नव्हती, दुखत नव्हतं, फक्त रिपोर्टमध्ये दिसलं. बायोप्सीत रिजेक्शन निघालं, तीन दिवस स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, मग 1.6 वर येऊन टिकलं. त्या आठवड्यात पत्र लिहिलं असतं तर माझी भीती त्यांच्या घरी गेली असती. नंतर लिहिताना हा भाग मी गाळला. खोटं काही लिहिलं नाही. नीट चालू आहे म्हणालो, कायम चालेल असं म्हणालो नाही. हा फरक तुम्हीही सांभाळा, कारण किडनी किती वर्षं टिकेल याचा शब्द आपण देऊ शकत नाही.

मला उत्तर आलं नाही. पत्र घेतलं, एवढं ताईंनी कळवलं.

हाताने लिहा, एका पानात बसवा. आणि पाकीट चिकटवू नका. कोऑर्डिनेटर आधी वाचतात, ओळख पटेल असं काही राहिलं असेल तर तेवढी ओळ बदलायला परत देतात.