सेल्स नेव्हिगेटर थांबू दे, आधी चाकणची बिलं काढा

प्रश्न: मी मेकॅनिकल इंजिनिअर, वय ४७. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून पुण्यात एकट्यानं कन्सल्टन्सी सुरू केली. ऑटो कंपन्यांच्या व्हेंडरना आयएटीएफ १६९४९ आणि आयएसओ ९००१ या क्वालिटी सर्टिफिकेटांसाठी तयार करतो. तीन क्लायंट आहेत, तिन्ही ओळखीतून आले. दिवसाला १५ हजार, वर्षाची फी २४ लाख. आता वाढायचंय. लिंक्डइनचं सेल्स नेव्हिगेटर घ्या असं एका वेबिनारमध्ये सांगितलं. मला वर्षाचे जीएसटी धरून साधारण ७५ हजार दाखवतंय. एक क्लायंट मिळाला तरी वसूल, शिवाय खर्च टॅक्समध्ये जाईल. रिटर्न मी ४४एडीएमध्ये भरतो. सध्या जरा टंचाई आहे, कारण चाकणच्या मोठ्या क्लायंटकडून सप्टेंबर ते जानेवारी अशी पाच बिलं, जीएसटीसह सात लाख, यायची आहेत. येतीलच, संबंध चांगले आहेत. तोवर एक एफडी मोडली आणि बँकेनं दिलेल्या गॅरंटीड पॉलिसीचा दोन लाखांचा दुसरा हप्ता कार्डावर १६ टक्क्यांच्या ईएमआयवर टाकला. चालू खातं उघडताना बँकेनं उद्यम नोंदणी करून घेतली होती, तिचं पुढे काही केलं नाही. सबस्क्रिप्शनही कार्डावरच घेऊ का?

उत्तर: नको. निदान आत्ता नको, आणि कार्डावर तर मुळीच नको.

आधी करबचतीचा भ्रम दूर करू. ४४एडीएमध्ये तुमच्या जमेचा निम्मा भाग हाच नफा धरला जातो. सगळा खर्च उरलेल्या निम्म्यात आलाच, असं कायदा मानतो. त्यामुळे पेट्रोल असो की सबस्क्रिप्शन, वेगळी वजावट मिळत नाही. २४ लाखांचे निम्मे १२ लाख. दुसरं उत्पन्न फारसं नसेल, तर नव्या करपद्धतीत यावर कर जवळपास शून्य येतो. जिथे करच नाही तिथे वाचणार काय? जीएसटीचं मात्र वेगळं आहे. बिलिंगमध्ये तुमचा जीएसटी नंबर टाकलात, तर ७५ हजारांतल्या साधारण साडेअकरा हजारांचं इनपुट क्रेडिट घेता येतं. म्हणजे खरा खर्च साडेत्रेसष्ट हजार.

आता ‘एक क्लायंट मिळाला तरी वसूल’. हे गणित विकणाऱ्याचं आहे. ७५ हजार म्हणजे तुमची पाच दिवसांची फी, तेव्हा क्लायंट आला तर वसूल होणारच. पण तो सेल्स नेव्हिगेटरमुळे आला का, आणि त्याशिवाय आला नसता का, हे पाहायला हवं. या प्लॅनमध्ये मुख्यतः दोन गोष्टी मिळतात. एक, कंपनीचा आकार, उद्योग, हुद्दा, ठिकाण असं चाळून माणसं शोधण्याची सोय. दोन, ओळख नसलेल्यांना थेट पाठवायचे महिन्याला ५० इनमेल. ज्याचा खरेदीदार बंगळुरूत किंवा म्युनिकमध्ये एखाद्या मोठ्या कंपनीत बसलाय आणि तिथे ओळखीचं कुणी नाही, अशा माणसाला हे उपयोगी पडू शकतं. तुमचा खरेदीदार म्हणजे भोसरी-रांजणगावातला शंभर-दीडशे माणसांच्या प्रेस शॉपचा मालक. त्याची सकाळ डिस्पॅचच्या मागे जाते, बोलणं व्हॉट्सअॅपवर चालतं. त्याचं लिंक्डइन प्रोफाइल असलंच तर मुलानं उघडून दिलेलं असतं. त्याला कन्सल्टंट आठवतो तो मोठ्या ग्राहकानं सर्टिफिकेटची तारीख टाकली किंवा ऑडिटमध्ये मेजर एनसी, म्हणजे गंभीर त्रुटी, निघाली की. तेव्हा तो इनमेल उघडत बसत नाही. ग्राहक कंपनीच्या सप्लायर क्वालिटीवाल्याला फोन करून ‘कुणी माहितीतला आहे का?’ एवढं विचारतो.

म्हणून तुमचे तिन्ही क्लायंट ओळखीतून आले, आणि चौथाही बहुधा तसाच येईल. नोकरीतले तुमचे जुने सहकारी आज कुठल्या ना कुठल्या कंपनीत सप्लायर क्वालिटीत किंवा व्हेंडर डेव्हलपमेंटमध्ये असतील. ते तुमच्या कनेक्शनमध्ये असतील तर त्यांना निरोप पाठवायला पैसे लागत नाहीत. कनेक्शनची यादी उघडा, कंपनीनिहाय चाळा, तीस नावं काढा आणि प्रत्येकाला स्वतः लिहिलेला, चार ओळींचा निरोप पाठवा. तुम्ही देत असलेल्या सेवांचं पान प्रोफाइलवर फुकट लावता येतं, तेही लावा. हे करून दोन महिन्यांत काहीच हाललं नाही तर सबस्क्रिप्शनचं बोलू.

तुमचं पत्र वाचताना मी अडकलो ते मात्र चाकणच्या पाच बिलांवर. तुम्ही त्यांना ‘जरा टंचाई’ म्हणून एका ओळीत उरकलंय. महिन्याला १ लाख २० हजार फी, पाच महिन्यांची सहा लाख, वर १८ टक्के जीएसटी १ लाख ८ हजार. हा जीएसटी बिल काढल्यावर, पैसे हातात नसताना, तुम्ही खिशातून सरकारला भरलाय. कंपनीनं बहुधा त्याचं क्रेडिटही घेऊन टाकलं असेल. म्हणजे काम तुमचं, कर तुमचा, आणि वापर त्यांचा. त्यासाठी तुम्ही दोन लाख १६ टक्क्यांनी उचललेत, आणि बाकीचे पाच लाख सात टक्क्यांच्या एफडीत असते असं धरू. दोन्ही मिळून महिन्याला साडेपाच हजार होतात. ७५ हजारांच्या सबस्क्रिप्शनचे महिन्याला सव्वासहा हजार पडतात. तेव्हा एक सबस्क्रिप्शन तुम्ही आधीच भरताय, फक्त ते चाकणच्या नावानं आहे.

‘संबंध चांगले आहेत’ हे मला पटतं. पण संबंध प्लँट हेडशी चांगले असतात आणि पेमेंट अकाउंट्स करतं. अकाउंट्समध्ये ज्याचा फोन येत नाही त्याचं बिल खाली जातं, यात दुष्टावा काही नसतो. तुमच्या हातात चांगली हत्यारं आहेत आणि तुम्ही ती म्यानातून काढलेलीच नाहीत.

पहिलं म्हणजे ती विसरलेली उद्यम नोंदणी. तिच्यामुळे तुम्ही कायद्यानं सूक्ष्म उद्योग आहात आणि २००६ चा एमएसएमई कायदा तुम्हाला लागू होतो. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवस, एवढ्यात पैसे द्यावेच लागतात. पीओवर, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरवर, ६० किंवा ९० दिवस छापलेले असले तरी ४५ च्या पुढची मुदत टिकत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं. बँक रेट साडेपाचच्या आसपास धरा, म्हणजे साडेसोळा टक्के. नोंदणी बिलांच्या आधीची आहे हे तुमचं नशीब. कामानंतर नोंदणी करून हा हक्क सांगता येतो का, यावर कोर्टात वाद झालेले आहेत. तुम्हाला त्यात पडायची गरज नाही.

दुसरं, आयकर कायद्यातलं ४३बी(एच). हे नाव अकाउंट्सवाल्यांना नीट माहीत असतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चला थकलेलं असेल, तर कंपनीला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच करता येतो. तुमचे सहा लाख, कराचा दर २५ टक्के धरला, तर त्यांचा दीड लाख कर यंदा वाढतो. जानेवारीअखेरच्या बिलाचे ४५ दिवसही मार्चच्या मध्याला संपतात, म्हणजे पाचही बिलं यात येतात.

तिसरं जीएसटीचं. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट कंपनीला व्याजासह उलटवावं लागतं. सप्टेंबरअखेरच्या बिलाचे १८० दिवस मार्चच्या शेवटीच भरतात.

पण धमकीनं सुरुवात करायची नाही. आधी आयकर पोर्टलवर तुमचं २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या टीडीएसचा उतारा, उघडा. ऑक्टोबर ते डिसेंबरचं टीडीएस रिटर्न ३१ जानेवारीपर्यंत भरायचं असतं, त्यामुळे एव्हाना नोंदी दिसायला हव्यात. तुमच्या डिसेंबरपर्यंतच्या बिलांवर टीडीएस कापलेला दिसला तर कंपनीनं बिल वहीत घेतलंय, मामला फक्त पैसे सोडण्याचा आहे. दिसला नाही तर सावध व्हा. बिल बहुधा अकाउंट्सपर्यंत पोचलेलंच नाही, पीओच्या किंवा सर्व्हिस एंट्रीच्या कुठल्यातरी पायरीवर अडकलंय. हे आजवर कुणी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही विचारलं नाही.

मग अकाउंट्स हेडला एक साधी मेल करा, प्लँट हेडला कॉपीत ठेवा. बिल क्रमांक, तारीख, रक्कम, किती दिवस झाले, असा तक्ता. वर उद्यम नंबर, सोबत प्रमाणपत्र. खाली एवढंच: ‘३१ मार्चच्या ताळेबंदासाठी ही बाकी कृपया कन्फर्म करावी आणि ४३बी(एच) लक्षात घेऊन पेमेंटची तारीख कळवावी.’ आवाज चढवायची गरज नाही, वाचणाऱ्याला कळतं. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर प्लँट हेडला समोर बसून सांगा की जुनी तीन बिलं मोकळी होईपर्यंत पुढची व्हिजिट लावता येणार नाही. एमएसएमई कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन तक्रार हा शेवटचा दरवाजा. तिथे निकाल लागतो, पण वेळ लागतो, आणि त्यानंतर हा क्लायंट राहील असं धरू नका. फीच्या २४ पैकी १४ लाखांहून जास्त इथूनच येतात, म्हणून हे पाऊल शेवटचंच. पुढच्या प्रत्येक बिलावर मात्र उद्यम नंबर छापा, आणि नवा क्लायंट धरताना पहिल्या महिन्याची फी आगाऊ घ्या.

पैसे आले की पहिला मान कार्डाचा. ईएमआय मुदतीआधी बंद करायला किती आकार लागतो ते विचारा आणि मिटवून टाका. एफडीची जागा भरा. तेव्हाही सेल्स नेव्हिगेटरचा मोह उरला असेल, तर आधी फुकट चाचणीचा महिना घ्या आणि तो संपायच्या दोन दिवस आधीचा गजर लावा, कारण पैसे आपोआप कापले जातात. त्या महिन्यात पाठवलेल्या निरोपांतून दोन माणसं प्रत्यक्ष भेटली नाहीत तर रद्द करा. भेटली तर महिन्या-महिन्यानं घ्या. वर्षाचं एकदम भरू नका, थोडं महाग पडलं तरी चालेल.

राहिली ती गॅरंटीड पॉलिसी. अशा पॉलिसींत वर्षाचा खरा परतावा साधारण पाच-सहा टक्के बसतो आणि तुम्ही १६ टक्क्यांनी कर्ज काढून तिचा हप्ता भरलात. वर जी माणसं उत्पन्न कमी-जास्त होणाऱ्या धंद्यात आहेत त्यांना दरसाल ठरलेल्या दिवशी दोन लाख मागणारी वस्तू विकणं हा निव्वळ निर्दयपणा आहे. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरला फोन करू नका, तो दुसरी पॉलिसी दाखवेल. थेट विमा कंपनीला मेल करून तीन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली तर किती मिळतील, पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच चालू ठेवली, तर मुदतीअखेर किती, आणि तिसरा हप्ता भरल्यावर हे दोन्ही आकडे किती होतील. ते आले की मला पाठवा. तोवर पुढचा हप्ता कार्डावर जाता कामा नये.