पाच हजार बाकी राहिले, व्याज मात्र चाळीस हजारांवर?

प्रश्न: 10 एप्रिलला क्रेडिट कार्डावर 40,000 रुपयांची खरेदी केली. 25 मे या शेवटच्या तारखेला 35,000 भरले. मिनिमम ड्यू फक्त 2,000 होता. 15 मे रोजी दुबईत 20,000 रुपयांचा खर्च झाला. 5 जूनच्या स्टेटमेंटमध्ये व्याज 3,129.86, परदेशी व्यवहाराचे 826 आणि मिनिमम ड्यू 5,769 दाखवला आहे. दर वार्षिक 42 टक्के. हे कायदेशीर आहे का?

उत्तर: बँकेचा बराचसा हिशेब बरोबर आहे; चूक एका ठिकाणी आहे, आणि ती दिवस मोजल्यावर सापडते.

मिनिमम ड्यू भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. बिलातली थोडीही रक्कम राहिली की व्याजमुक्त मुदत जाते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून लागते. म्हणून 10 एप्रिल ते 24 मे या 45 दिवसांचे पूर्ण 40,000 वरील व्याज, म्हणजे 2,071.23 रुपये, आपल्याला द्यावेच लागेल. दुबईच्या खर्चालाही त्याच कारणाने 22 दिवसांचे 506.30 लागतात. मात्र 25 मेपासून स्टेटमेंटपर्यंतच्या 12 दिवसांत आपली बाकी 5,000 च होती, त्याचे व्याज 69.04 होते. एकूण 2,646.57. बँकेने 483.29 जास्त लावले आहेत, आणि 35,000 वरील 12 दिवसांचे व्याज नेमके एवढेच येते. म्हणजे आपला भरणा व्याजाच्या हिशेबात धरलेलाच नाही. भरणा वजा करून उरलेल्या रकमेवरच व्याज लावावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यावरील 18 टक्के जीएसटी धरून आपले 570.28 रुपये परत मिळायला हवेत.

परदेशी व्यवहाराच्या 826 मध्ये 3.5 टक्के मार्कअपचे 700 आणि त्यावरील जीएसटीचे 126 आहेत. ते ठीक आहे. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही, एवढे पुढच्या स्टेटमेंटमध्ये पाहा. मिनिमम ड्यू वाढला त्याचे कारण असे, की त्यात 25,000 च्या मुद्दलाचे 5 टक्के, शिवाय सारे व्याज, शुल्क व कर आले आहेत. केवळ 5 टक्के मागितले असते तर भरणा व्याजालाही पुरला नसता आणि देणे वाढतच गेले असते. चूक दुरुस्त झाल्यावर तो सुमारे 5,199 होईल.

42 टक्के दर जास्त आहे म्हणून भांडण्यात मात्र अर्थ नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली घातलेली 30 टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केली आहे.

वादातले 570 रुपये रोखून ठेवू नका, कारण तेवढ्यानेही व्याजमुक्त मुदत पुन्हा जाईल. पूर्ण 29,519.23 भरा आणि त्याच दिवशी बँकेला ईमेलने, हक्क राखून भरणा केल्याचे नमूद करून, वरील तारीखवार हिशेब पाठवा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तिला दोन्ही स्टेटमेंट आणि 25 मेच्या भरण्याची पावती जोडा.