‘मुलं वडिलांकडे, खर्च मागणार नाही’: खुलानाम्यातल्या या दोन ओळी हनफी फिक्हमध्ये कितपत टिकतात

प्रश्न: बहिणीने खुला, म्हणजे नवऱ्याला मोबदला देऊन मागून घेतलेली फारकत, घेतला. मुलगा ४ वर्षांचा, मुलगी ८ महिन्यांची. सुटका लवकर व्हावी म्हणून तिने खुलानाम्यात ‘मुलं वडिलांकडे राहतील आणि मुलांचा खर्च मी कधीही मागणार नाही’ असं लिहून दिलंय. निकाह बीडला आमच्या घरी झाला होता, सासर भिवंडीला. आता ती मुलांसह बीडला येऊ बघतेय, तर सासरचे हा कागद दाखवतात. आणि पुढे तिने दुसरं लग्न केलं तर मुलं जाणारच, असंही सांगतात. आम्ही हनफी. शरीयतप्रमाणे खरं काय?

उत्तर:

पहिली ओळ टिकत नाही. दुसरी बहुतांशी टिकत नाही. बीडला येण्याचा हक्क आहे. आणि दुसऱ्या लग्नाचं ते जितकं सोपं करून सांगतायत तितकं सोपं नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फुकहांनी, म्हणजे शरीयतच्या कायदेपंडितांनी, मुलाची जबाबदारी दोन भागांत वाटलीय. हिजानत म्हणजे भरवणं, न्हाऊ-माखू घालणं, झोपवणं, आजारपण काढणं. हे आईकडे. विलायत म्हणजे मुलाची मालमत्ता सांभाळणं आणि त्याच्या वतीने व्यवहार करणं. ती बापाकडे, आणि नफका म्हणजे खर्चही बापावरच. मूल आईजवळ आहे म्हणून बापाचा खर्च सुटत नाही आणि बाप खर्च देतो म्हणून मूल त्याच्या घरी जात नाही. खुलानामा लिहिताना नेमकी हीच गल्लत होते. मेहेर, दागिने, मुलं सगळं एकाच तराजूत टाकतात. मेहेर बहिणीचा होता, तो तिने सोडला तर सुटला. मुलांचं तसं नाही.

हिजानत आईचा हक्क आहे तसा तो मुलाचाही हक्क आहे, आणि दुसऱ्याचा हक्क कुणाला सोडून देता येत नाही. म्हणून हनफी ग्रंथांत स्पष्ट म्हटलंय की बाईने ‘मूल नवऱ्याकडे राहील’ या अटीवर खुला घेतला तर खुला होतो, अट मात्र बातल. खुला मोडण्याची भीती बाळगू नका. तलाक पडलेला आहे तो आहेच, फक्त ती ओळ नसल्यासारखी धरायची.

खर्चाच्या ओळीत थोडा बारकावा आहे. आईने खुल्याच्या बदल्यात ‘इतकी वर्षं मुलाला मी पोसेन’ असं कबूल करणं हनफींकडे चालतं, पण मुदत ठरलेली हवी. तुमच्या कागदावर ‘कधीही’ आहे, मुदत नाही. समजा मुदत लिहिली असती तरी, आईकडे पैसा नसेल तर मुलाला उपाशी ठेवत नाहीत. काजी बापाला द्यायला लावतो आणि ती रक्कम आईवर कर्ज म्हणून राहते, ऐपत आल्यावर फेडायची. म्हणजे त्या कराराने फार तर आई-बापामधला हिशेब बदलतो. मुलाच्या ताटातलं काही कमी होत नाही.

आता मुलगा किती दिवस आईकडे? ग्रंथात मुळात वर्षं दिलेलीच नाहीत, कसोटी दिलीय: मूल आपल्या हाताने खाऊ लागलं, पिऊ लागलं, कपडे घालू लागलं, शौचाला जाऊन स्वतःला साफ करू लागलं की त्याची आईवरची गरज संपली. इमाम खस्साफ यांनी याचा अंदाज ७ वर्षं असा बांधला, कारण बहुतेक मुलं तोवर इतकं शिकतात, आणि फतवा त्यावरच आहे. त्यानंतर मुलग्याला वागणूक आणि शिक्षण लावायला बाप जास्त उपयोगी, असा त्यामागचा विचार. मुलगी मात्र वयात येईपर्यंत आईकडे. इमाम अबू हनीफांचे शिष्य इमाम मुहम्मद यांच्या एका मताप्रमाणे साधारण ९ वर्षांपर्यंत, आणि पुढच्या काळात बऱ्याच मुफ्तींनी ते घेतलं. म्हणजे भाच्याला अजून ३ वर्षं आहेत आणि भाचीचा प्रश्न आज निघतच नाही. (कोकणी मुसलमान वाचत असतील तर त्यांच्यासाठी: तुम्ही बहुतेक शाफई आहात. तिथे समज येण्याच्या वयाला, म्हणजे साधारण ७ला, मुलगा असो वा मुलगी, मुलालाच विचारतात की कुणाकडे राहायचंय. रत्नागिरीच्या माणसाने हनफी फतवा दाखवून भांडू नये.)

दुसऱ्या लग्नाबद्दल. हदीस सगळ्यांना पाठ असते: नवऱ्याने तलाक देऊन मूल हिसकावू पाहिलं तेव्हा एक बाई पैगंबरांकडे आली आणि तिला उत्तर मिळालं की तू लग्न करत नाहीस तोवर तुझा हक्क जास्त. पण सासरचे तीन गोष्टी सांगत नाहीत. पहिली, हक्क जातो तो मुलाला परक्या असलेल्या पुरुषाशी लग्न केल्यावर. मुलाच्या सख्ख्या चुलत्याशी केलं तर जात नाही. दुसरी, आईचा हक्क गेला म्हणजे मूल बापाकडे गेलं असं नव्हे. क्रमाने पुढचा हक्क आईच्या आईचा, म्हणजे तुमच्या आईचा. त्यानंतर बापाची आई, मग बहिणी, मग मावश्या, मग आत्या. बायकांपैकी कुणीच लायक नसेल तेव्हा पुरुषांची पाळी. तिसरी, ते लग्न तुटलं तर आईचा हक्क परत येतो.

या नियमाचं कारण हिदाया या हनफी ग्रंथात दिलंय: सावत्र बाप हात आखडून देतो आणि मुलाकडे तिरक्या नजरेने बघतो. नियमाला कारण आहे म्हणूनच १९व्या शतकातले दमास्कसचे इब्न आबिदीन म्हणतात की मुफ्तीने डोळे उघडे ठेवून मुलाचं भलं बघावं. कधी कधी नातेवाईकच मुलाच्या वाईटावर असतात, त्याच्या मालमत्तेवर टपलेले असतात, आणि आईचा नवराच त्याच्यावर माया करणारा निघतो. अशा वेळी मूल आईकडून काढू नये. माझ्या मते या विषयावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा मजकूर आहे आणि तंट्यात तो कुणी काढत नाही. याच न्यायाने आईचा हक्क केवळ बदनामीने जात नाही. तिच्या वागण्यामुळे मूल प्रत्यक्षात वाऱ्यावर पडतंय, म्हणजे ती सतत बाहेर आणि पोर एकटं, असं दाखवावं लागतं.

बीडचा मुद्दा. इद्दत, म्हणजे फारकतीनंतर बाईने थांबायची मुदत, संपल्यावर आईला मूल दूरच्या गावी न्यायचं असेल तर हनफींकडे दोन अटी: ते तिचं स्वतःचं गाव असावं आणि निकाहही तिथेच झालेला असावा. बीडला दोन्ही पुऱ्या होतात. निकाह भिवंडीला झाला असता तर अडलं असतं, कारण मग चालतं ते फक्त इतकं अंतर की बाप मुलाला भेटून त्याच दिवशी घरी परतू शकेल. म्हणून निकाहनाम्याची नक्कल आधी शोधून ठेवा, ठिकाण त्यावरच असतं. मात्र बापाची भेट अडवायची नाही. तो हक्क त्याच्याकडे राहतोच.

खर्चात काय काय येतं? मुलांचं अन्न, कपडे, औषध, राहणं. बाप जिवंत असेपर्यंत यात त्याला कुणी वाटेकरी नाही, आईसुद्धा नाही. तो गरीब असला तरी कमावून द्यायचं. मुलग्याचं कमावता होईपर्यंत, मुलीचं लग्नापर्यंत. मुलाच्या नावावर स्वतःची मालमत्ता असेल तर मात्र खर्च आधी तिच्यातून. ८ महिन्यांच्या भाचीसाठी आणखी एक बाब आहे, दूध पाजण्याची उजरत, म्हणजे मोबदला. लग्नात आई ती मागू शकत नाही, इद्दत संपल्यावर मागू शकते, आणि बाळ २ वर्षांचं होईपर्यंत. कुरआनात (६५:६) हे थेट आलंय. आईने बाहेरच्या दाईपेक्षा जास्त मागितलं तर बाप दुसरी दाई लावू शकतो, पण बाळ तिच्या घरी पाठवायचं नाही. दाईने आईजवळ येऊन पाजायचं. बापाच्या खिशाचा विचार केला, बाळाला आईपासून तोडलं नाही. २:२३३ मध्ये आईलाही मुलापायी त्रास नको आणि बापालाही नको असं म्हटलंय, ते इथे नेमकं दिसतं. नंतरच्या हनफींनी हिजानतीची वेगळी उजरतही मान्य केली. म्हणजे मागणी लिहिताना तीन रकाने वेगळे करा: मुलांचा नफका, दुधाची उजरत, सांभाळण्याची उजरत. एकच आकडा लिहिला की समोरचा ‘हा तर बायकोचाच खर्च’ म्हणून उडवून लावतो.

फसतं ते इथे: मुलांवर आई किंवा मामा गुपचूप खर्च करत राहतात आणि वर्षाने हिशेब मागतात. काजीचा हुकूम नाही, बापाशी ठराव नाही, तर मागचा नफका मागता येत नाही. म्हणून आजच रक्कम लेखी ठरवा, नाहीतर दारुल कजात, म्हणजे काजीच्या शरई न्यायपीठात, किंवा कोर्टात अर्ज टाका.

कोर्टाचंही थोडक्यात सांगतो, कारण अंमलबजावणी तिथेच होते. मुलांच्या खर्चासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (जुनं १२५). घटस्फोटित मुस्लिम महिलांच्या १९८६च्या कायद्यातली २ वर्षांची मर्यादा मुलांच्या या हक्काला लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने नूर सबा खातून प्रकरणात १९९७ साली ठरवलंय. २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालामुळे दोघांना उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून अर्ज लांबवण्यात नुकसान तुमचंच. ताब्यासाठी १८९०चा पालक आणि पाल्य कायदा. तो अर्ज मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात जातो. त्याच्या कलम १७मध्ये मुलाला लागू असलेला व्यक्तिगत कायदाही बघतात आणि मुलाचं हितही, आणि दोन्हींत ओढाताण झाली की कोर्ट हिताकडे झुकतं. त्यामुळे भाचा ७ वर्षांचा झाला की आपोआप भिवंडीला जाईल असं सासरचे धरून चालले असतील तर ते चुकतायत. तेव्हा शाळा कुठे, सांभाळतंय कोण, बाप किती वेळा भेटायला आला, हे सगळं विचारलं जाईल. बीडच्या अंगणवाडीची नोंद, लसीकरणाचं कार्ड आणि खर्चाच्या पावत्या आत्तापासून एका फाइलीत लावायला लागा.