थरथरणारा हात आणि पाच बंद घड्याळं

"मॅडम, मला घड्याळजी व्हायचंय. पण घड्याळाच्या मशीनवर स्क्रूड्रायव्हर टेकवला की हात थरथरतो. वय सव्वीस. माझ्याकडून होईल का हे?"

सोलापुरात कारागिरीकडे वळणारी मुलं हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. यंत्रमागावर काम करणाऱ्या या मुलाची गोष्ट सांगते, म्हणजे उत्तर कळेल.

आधी मी त्याला डॉक्टरकडे पाठवलं. चहाचा कप धरतानाही हात हलत असेल, तर तो समुपदेशनाचा विषय नाही. तपासणीत काहीच निघालं नाही, तेव्हा मी विचारलं, "पहिलं घड्याळ कुणाचं उघडलंस?"

"काकांचं. चालू होतं."

"आणि काय मोडलं?"

"तिसऱ्या चाकाच्या आसाचं टोक. वरची पट्टी बसवून स्क्रू आवळला आणि कट्ट झालं."

चालू घड्याळ, तेही काकांचं! तिथं कुणाचाही हात थरथरेल. माझ्या मते धीर समजावून येत नाही. ज्यात गमावण्यासारखं काही नाही असं काम पुन्हा पुन्हा केलं की तो येतो. नवी पेठेतल्या एका जुन्या घड्याळजी उस्तादांना मी विनंती केली. त्यांनी भंगाराच्या डब्यातून चावीची पाच बंद एचएमटी मशीनं काढून दिली. सगळी एकाच जातीची, पुरुषी मापाची, तारखेची चकती नसलेली. एकाच जातीची अशासाठी की एकाचं मोडलं तर दुसऱ्याचा भाग बसतो. लेडीज मशीन फार बारीक, आणि सेलवर चालणाऱ्यात स्प्रिंगची ताकद चाकाचाकांतून कशी जाते ते शिकताच येत नाही. गंज चढलेलं मशीन त्यांनी बाजूला ठेवलं.

अवजारंही मोजकीच घ्यायला लावली: ०.८, १.२ आणि १.६ मिलिमीटरचे स्क्रूड्रायव्हर, बारीक टोकाचा चिमटा, डोळ्याला लावायची आयग्लास, मशीन धरायचा होल्डर, धूळ उडवायचा रबरी फुगा. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण भरलं पाहिजे. अरुंद पातं घसरतं आणि ओरखडा काढतं. टेबल छातीइतकं उंच हवं, म्हणजे कोपर आणि मनगट टेकतात. एप्रिलात पंखा बंद ठेवणं जिवावर येतं, पण वाऱ्यानं भाग उडतात आणि धूळ आत जाते. घामाच्या बोटांचा ठसाही पोलादावर गंज धरतो, म्हणून बोटांना रबरी टोप्या.

उस्तादांचा पहिला नियम असा: आधी स्प्रिंगचा ताण उतरवायचा. चावी बोटांत धरून अडकण बाजूला करायची आणि चावी हळूहळू मागे सोडायची. मग बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, उचलायचा, त्यानंतर चाकांना अडवून एकेक दात सोडणारा पॅलेट. ताण शिल्लक असताना पॅलेट काढला तर चाकं सुसाट फिरतात आणि त्यांची टोकं मोडतात.

यानंतर त्यांनी एकच धडा दिला: फक्त चाकं आणि ब्रिज, म्हणजे त्यांची टोकं धरणारी वरची पट्टी, काढ आणि बसव, वीस वेळा. मुलानं पहिल्या आठवड्यात तीन मशीनांची टोकं मोडली आणि माझ्यासमोर मान खाली घालून बसला.

मी विचारलं, "मागावर ताण्याची तार तुटली की जोडतोस ना? हात थरथरतो?"

"नाही."

"तार कशी धरतोस?"

तो बराच वेळ बोटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दाबत नाही, मॅडम. नुसती टेकवून ठेवतो. दाबली तर तार निसटते की."

"आणि चिमटा?"

"गच्च धरतो." तो हसला.

मला जे सांगायचं होतं ते त्यानंच सांगितलं. त्या दिवशीचा आनंद मी अजून जपून ठेवलाय. थरथर दाबण्याच्या जोरातून येत होती. गच्च दाबलेल्या चिमट्यातूनच भाग टुणकन उडतो.

पुढच्या वेळी त्यानं ब्रिज नुसता ठेवला आणि लाकडी काडीच्या टोकानं एकेक चाक किंचित हलवलं. टोक आपल्या खड्याच्या भोकात शिरलं की ब्रिज स्वतः खाली बसतो. तो जरा जरी उचलल्यासारखा दिसला किंवा दाबल्यावर परत वर आला, तर एखादं टोक बाहेर आहे, आणि तेव्हा स्क्रूला हातच लावायचा नाही. पूर्ण बसल्यावरही स्क्रू अर्धाच फिरवायचा, चाकं मोकळी फिरताहेत का बघायचं, मगच आवळायचा. शेवटी पॅलेटशिवाय चावीला दोन-चारच कट्ट द्यायचे. चाकं सरसर फिरून थांबताना किंचित उलटी आली, तर कुठेच अडकत नाहीत.

मी त्याला एक वही दिली होती. त्यात फक्त इतकंच लिहायचं, की न दाबता ब्रिज किती वेळा बसला. पहिल्या पानावर वीसपैकी तीन, पाचव्या पानावर सतरा.

भंगारावर जोडणी शिकता येते. बॅलन्सची वाकडी हेअरस्प्रिंग सरळ करणं किंवा लेथवर नवं टोक घडवणं त्यात येत नाही. त्याला उस्तादांच्या शेजारी काही वर्षं बसावं लागतं. परवा तो सांगत आला, की चौथं मशीन उस्तादांनी तेल देऊन स्वतः चालू केलं आणि पाचव्याचा बॅलन्स अजून त्याच्या हाती दिलेला नाही.