घर विकलं, नवीन बुक केलं, मधले पैसे एफडीत ठेवू का?

"कोथरूडचा फ्लॅट १४ नोव्हेंबर २०२५ ला ९८ लाखांना विकला. २००४ साली स्टँप ड्यूटी धरून १२ लाखांना घेतलेला. एजंटला १ लाख दिले. तळेगावला अंडर कन्स्ट्रक्शन फ्लॅट बुक केलाय, सगळा खर्च धरून ६५ लाख, पझेशन २०२८ च्या मार्चमध्ये. टॅक्स वाचवायला सगळे ९८ लाख गुंतवावे लागतात का? आणि बिल्डरला द्यायचे पैसे तोवर एफडीत ठेवले तर चालेल ना?"

एफडी चालणार नाही. हे आधी सांगतो, कारण बाकी सगळं बरोबर करून माणसं नेमकी इथेच अडकतात.

९८ लाख गुंतवायची गरज नाही, फक्त नफा गुंतवायचा. ९८ मधून १२ आणि ब्रोकरेजचा १ वजा केला की तुमचा नफा ८५ लाख. जुन्या घरांना इंडेक्सेशन लावून, म्हणजे खरेदीची किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरून, २० टक्क्यांनी हिशोब करायचा पर्याय अजून आहे, पण तुमच्या बाबतीत तो महाग पडतो, १२ लाखांचे इंडेक्स करून साधारण ४० लाखच होतात. म्हणून साधा १२.५ टक्क्यांचा हिशोब धरा. काहीच केलं नाही तर १० लाख ६२ हजार टॅक्स, वर सरचार्ज आणि सेस, म्हणजे १२ लाखांच्या आसपास गेले.

आता यातले ६५ लाख नव्या घरात जाणारेत, ते इन्कम टॅक्सच्या कलम ५४ मध्ये बसतात, म्हणजे तेवढ्या नफ्यावर टॅक्स नाही. तयार घर घ्यायला विक्रीपासून २ वर्षं मिळतात, बांधायला ३. बिल्डरकडचं अंडर कन्स्ट्रक्शन बुकिंग बहुतेक वेळा बांधकामच धरलं जातं, म्हणजे तुमची मुदत १४ नोव्हेंबर २०२८. पझेशन मार्चमध्ये म्हणताय, मध्ये फक्त आठ महिने राहतात, बिल्डर किती वेळ पाळतो ते जरा चौकशी करून बघा.

उरले २० लाख. त्यांचे कलम ५४ईसी चे बाँड घ्या, आरईसी, पीएफसी किंवा आयआरएफसी या सरकारी कंपन्यांचे, तेवढ्या नफ्यावरही टॅक्स लागत नाही. हे विक्रीपासून ६ महिन्यांच्या आत घ्यावे लागतात, म्हणजे १४ मे २०२६ च्या आधी, आणि रिटर्न जुलैमध्ये भरायचाय म्हणून जुलैपर्यंत थांबलात तर ही सवलत गेली समजा. कमाल ५० लाखांचे घेता येतात. ५ वर्षं पैसे अडकतात, व्याज सव्वापाच टक्के आणि त्यावर दरवर्षी टॅक्स, आणि त्यांच्यावर कर्ज घेतलंत तर सवलत परत जाते. तरी २० लाखांवर अडीच लाख टॅक्स वाचतो, ते पैसे लगेच लागणार नसतील तर मी घेईन.

आता एफडीचं. समजा ३१ जुलै २०२६ पर्यंत, म्हणजे रिटर्नच्या शेवटच्या तारखेपर्यंत, बिल्डरला २५ लाख दिले जातील. मग राहिलेले ४० लाख त्या तारखेच्या आत, आणि रिटर्न भरायच्या आधी, बँकेत कॅपिटल गेन्स अकाउंट उघडून त्यात टाकायचे. हे अकाउंट वेगळं असतं, सेव्हिंगसारखा टाइप ए किंवा मुदत ठेवीसारखा टाइप बी, व्याज मिळतं. बिल्डरची हप्त्यांची डिमांड एकदम येत नाही, टप्प्याटप्प्याने येते, म्हणून मी दोन्ही उघडले होते आणि बरे पडले. साध्या एफडीत ठेवलेले पैसे डिपार्टमेंटच्या लेखी गुंतवलेच नाहीत, मग तुमचा हेतू कितीही चांगला असो. प्रत्येक शाखेत हे अकाउंट उघडत नाहीत, काउंटरवरच्या माणसाला माहीतही नसतं, तर जूनमध्येच विचारून ठेवा, ३० जुलैला धावाधाव नको.

काढतानाही नियम आहे. पहिल्यांदा काढायला फॉर्म सी, पुढच्या वेळी फॉर्म डी मध्ये आधीचे पैसे कुठे लावले ते लिहून द्यायचं, आणि काढलेली रक्कम ६० दिवसांत घरासाठीच खर्च व्हायला हवी. डिमांड लेटर हातात आल्याशिवाय काढू नका.

माझं सांगतो. आमच्या बिल्डरने काम रखडवलं, तीन वर्षं संपली तेव्हा अकाउंटमध्ये ९ लाख पडून होते. ते त्या वर्षीचा कॅपिटल गेन धरून त्यावर टॅक्स भरावा लागला, आणि अकाउंट बंद करायला फॉर्म जी वर इन्कम टॅक्स अधिकाऱ्याची मंजुरी लागते, ती यायला चार महिने गेले. तेव्हा वाटलं की डिमांड थोडी आधी भरली असती तर. म्हणून २०२८ च्या उन्हाळ्यात अकाउंटमध्ये किती उरलंय ते बघा आणि बिल्डरला द्यायचे बाकी हप्ते मुदतीच्या आत भरून पावत्या घ्या.

आणि तळेगावचं घर ताब्यात आल्यावर ३ वर्षं विकू नका, विकलंत तर आज वाचवलेले ६५ लाख त्याच्या खरेदी किमतीतून वजा होतात आणि सगळा टॅक्स फिरून तुमच्याच अंगावर येतो.