टँकरच्या नोंदवहीत खेपा, लिटर आणि घरं: आकडे जुळतात, पाणी पोचत नाही

प्रश्न: आमच्या प्रभागात मे महिन्यात एक दिवसाआड टँकर येतो. वहीत रोज खेपा, लिटर आणि घरं असे तीन रकाने भरतो. बेरीज व्यवस्थित येते, तरी वरच्या वाडीतले लोक पाणी मिळालं नाही म्हणतात. वहीत काय चुकतंय?

उत्तर: खेपांचा रकाना ठीक आहे, फक्त त्यात भरण्याची आणि रिकामं होण्याची वेळ लिहा. गडबड पुढच्या दोन रकान्यांत असते.

लिटरच्या रकान्यात बहुतेक जण खेपा गुणिले टँकरची क्षमता लिहितात. पण मेमध्ये आपल्याकडच्या जांभ्यातल्या विहिरी दुपारपर्यंत खाली जातात, आणि तिसरी खेप अर्धवट भरून निघते. झाकण उघडून आत काठी घाला. लंबगोल टाकीत पाणी पाऊण उंचीपर्यंत असेल तर ते पाऊण टँकर नसतं, सुमारे ८० टक्के भरतं. अर्ध्या उंचीला मात्र बरोबर अर्धं. म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरच्या दोन खेपा भरलेल्या आणि तिसरी पाऊण उंचीची असेल, तर वहीत ३०,००० नाही, २८,००० लिहायचे.

आता घरं. समजा वाडीत ९५ घरं आहेत आणि तीन खेपांची नोंद ४०, ३८, ३५ अशी आहे. बेरीज ११३! घरांपेक्षा जास्त घरांना पाणी मिळालं, आणि सही करणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. खालच्या आळीतल्यांनी पिंप दोनदा भरून घेतलं की असं होतं. म्हणून आकडा न लिहिता घर क्रमांक लिहा. मग कळेल की वेगवेगळी घरं ८१ च आहेत, १४ राहिली.

इथे खरा हिशेब सुरू होतो. २८,००० लिटर ९५ घरांत वाटले तर घरटी २९५ लिटर होतात. घरात पाच माणसं धरली तर दोन दिवसांसाठी माणशी रोज २९ च्या आसपास. टंचाईतल्या टँकरसाठी माणशी रोज २० लिटरचा शासकीय निकष आहे, त्याच्या वरच. म्हणजे तुमच्याकडे पाणी कमी नाही, वाटप चुकतंय. अशा वेळी चौथी खेप मागितली तर तीही खालीच संपेल. (वाढीव खेप मागणं सोपं असतं, म्हणून सगळे तेच करतात.)

राहिलेले १४ क्रमांक नकाशावर टिंबांनी मांडा. ते पाखाडीच्या वरच्या टोकाला निघाले, तर कारण उघड आहे: टँकरचं पाणी उताराने येतं, टाकीच्या पातळीच्या वर नळीतून चढत नाही. तिथे बायका हंडे घेऊन पायऱ्या उतरतात आणि तोवर टँकर रिकामा होतो. एकतर टँकरवर मोटर मागा, नाहीतर रस्ता असेल तर पहिली खेप थेट वर नेऊन तिथल्या टाकीत सोडा. तेवढं जमेपर्यंत पुढच्या पाळीला वरच्या घरांची पिंपं भरल्याशिवाय खाली कुणाला दुसरं पिंप देऊ नका.