तक्रारींची उतरंड

"आमचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे. परवा पार्टीचा माणूस आला होता, तो म्हणे 'आधी तक्रारींचा पॅरेटो काढा, मग बोलू'. हे पॅरेटो म्हणजे नक्की काय काढायचं? आणि आमच्या लोकांना सांगायला मराठीत साधा शब्द आहे का?"

उतरंड म्हणा. मडक्यांची उतरंड सगळ्यांनी पाहिलेली असते, सगळ्यात मोठं खाली आणि मग वर लहान लहान होत जातं, हे तेच फक्त आडवं केलेलं. ज्या कारणाच्या तक्रारी सगळ्यात जास्त त्याचा खांब डावीकडे पहिला, मग त्याहून कमी, असं करत उजवीकडे जायचं आणि 'इतर' कायम शेवटी, आकडा मोठा असला तरी शेवटीच. खांबांच्या डोक्यावरून एक रेघ चढत जाते ती बेरजेची, म्हणजे पहिली दोन कारणं मिळून किती टक्के, तीन मिळून किती, असं. 'वारंवारतेनुसार उतरता क्रम' हे पण बरोबर आहे पण ते परीक्षेच्या पेपरात, लूमच्या खडखडाटात जॉबरला ओरडून सांगायला नाही चालत.

नावाचं म्हणाल तर विल्फ्रेडो पॅरेटो (१८४८–१९२३) हा अर्थशास्त्री, त्याने बघितलं होतं की संपत्ती थोड्याच लोकांच्या हातात असते, कारखान्यातल्या तक्रारींशी त्याचा काही संबंध नाही. ते नाव क्वालिटीच्या कामाला जोसेफ ज्युरानने चिकटवलं आणि पुढे १९७५ मध्ये त्यानेच लेख लिहून मान्य केलं की हे नाव मी चुकीचं दिलं. तोवर ते रुळलं होतं. असो.

आता खरी गंमत अशी की उतरंड रचणं सोपं आहे, मडकं कोणतं हे ठरवणं अवघड, आणि तिथे भाषा आडवी येते. म्हणून उदाहरण घेऊनच सांगतो, आकडे मी धरलेले आहेत. समजा तीन महिन्यांत १५० तक्रारी आल्या आणि वहीत लिहिलंय: रंग जातो ५४, धागे निघतात ३८, साइज कमी २०, डाग १४, नग कमी भरले ९, दुसराच रंग पाठवला ६, इतर ९. पहिल्या दोनातच ९२ झाल्या, म्हणजे ६१ टक्के. माणूस लगेच खूश होतो की चला दोनच गोष्टी दुरुस्त करायच्यात.

पण 'रंग जातो' ही एक तक्रार नाहीच. कोणी म्हणतं कलर सुटतो, कोणी म्हणतं रंग उतरला, आणि फोन घेणारा प्रत्येक जण हे सगळं 'रंग जातो' म्हणूनच लिहितो. एकाचा मरून टॉवेल बादलीत पांढऱ्या बनियनला लागलाय, दुसऱ्याचा उन्हात वाळत घालून घालून किंवा ब्लीच टाकल्यामुळे फिका पडलाय. दोन्ही ठिकाणी रंग गेला, पण पहिल्याचं कारण तुमच्या डाईंगमध्ये असायची शक्यता जास्त आणि दुसऱ्याचं डायच्या निवडीत नाहीतर गिऱ्हाइकाच्या बादलीत. 'धागे निघतात' चं पण तसंच, लूप ओढले गेले म्हणजे विणकाम सैल, काठ उसवला म्हणजे शिलाई. त्यामुळे परत फोन करून विचारायचं, 'दुसऱ्या कपड्याला लागला का नुसता फिका झाला?' एवढा एकच प्रश्न पुरतो.

विचारल्यावर समजा ५४ चे झाले ४० 'दुसऱ्याला लागला' आणि १४ 'फिका झाला', आणि ३८ चे झाले २६ लूप, १२ काठ. आता उतरंड बदलली: ४०, २६, २०, मग १४, १४, १२ आणि बाकीचे. पहिली दोन मिळून ४४ टक्केच झाली. वीस टक्के कारणांमुळे ऐंशी टक्के तक्रारी येतात असं म्हणतात, ते ऐंशी-वीस कुठे गेलं असं विचारू नका, तो काही निसर्गाचा नियम नाही, थोडी कारणं बराच भाग व्यापतात एवढंच त्यात खरं. आणि सगळे खांब जवळजवळ सारख्या उंचीचे आले तर समजायचं की वाटणी चुकीची केली, मग तक्रारीऐवजी रंग, लॉट, शिफ्ट किंवा लूम यांवर वाटून बघायचं.

तेच इथे करू. ४० मधल्या ३१ मरून आणि नेव्ही ब्लूच्या निघाल्या. लगेच गडद रंगावर खापर फोडू नका, आधी विक्री बघा, कारण तुमचा अर्धाअधिक माल त्याच रंगांचा असता तर तक्रारी पण तिथेच जास्त येणार ना. समजा गडद माल पाचातला एकच भाग आहे आणि तक्रारी चारातल्या तीन, म्हणजे खरंच तिथे काहीतरी आहे. आणि हे डाईंगवाल्याला लगेच कळेल: रिअॅक्टिव्ह डायमधला सगळा डाय सुताला बसत नाही, थोडा पाण्याशीच रिअॅक्ट होऊन निकामी होतो आणि सुतात नुसता अडकून राहतो, तो उकळीच्या जवळ तापलेल्या साबणपाण्यात काढावा लागतो. गडद रंगात डाय जास्त म्हणून हा अडकलेला पण जास्त, आणि वाफ वाचवायला सोपिंग आटोपतं घेतलं की तो गिऱ्हाइकाच्या बादलीत सुटतो. तपासायला लॅब नको, त्या लॉटचा तुकडा आणि पांढरं सुती कापड एकत्र गरम साबणपाण्यात धुवायचं, कापडावर रंग आला की समजलं. पाणी रंगीत होण्यावर जाऊ नका, कापड बघा.

एक जण पाचदा फोन करतो ती एकच तक्रार धरायची. उलट व्यापारी एकाच फोनमध्ये सांगतो की अख्ख्या गाठीचाच रंग लागतोय, ती पण वहीत एकच ओळ होते. म्हणून दुसरी एक उतरंड रुपयांची काढावी. रंग लागल्याच्या ४० तक्रारी, प्रत्येकी अडीचशे रुपयांची भरपाई धरली तर १०,०००. नग कमी भरल्याच्या ९ च, पण त्या व्यापाऱ्यांच्या, प्रत्येकी दोन हजार धरले तर १८,०००. संख्येत सातव्या नंबरवर असलेलं हे कारण पैशात रंगाच्या पुढे गेलं आणि त्याचा इलाज पण स्वस्त, गाठ बांधायच्या आधी दुसऱ्या माणसाने नग मोजायचे. मी तर हे सोपिंगच्याही आधी करेन, उद्यापासून होण्यासारखं आहे. फक्त पार्टीच्या माणसाला दाखवताना दोन्ही चित्रं शेजारी ठेवा, नाहीतर तो विचारेल सातवं कारण पहिलं का घेतलं.

दुरुस्तीनंतर परत तीन महिन्यांची वही घ्या, तीच नावं, तेच प्रश्न. दिवाळीच्या तिमाहीची तुलना एप्रिल-मेशी करू नका, माल किती गेला त्यावर भागून घ्या, म्हणजे हजार नगांमागे किती. आणि नुसता पहिला खांब खाली आलाय यावर जाऊ नका, दुसऱ्या मडक्यात टाकून पण तो लहान करता येतो. हजारामागची एकूण बेरीज उतरली का आणि 'इतर' फुगला का, हे दोन आकडे आधी बघा. 'इतर' ९ वरून ३० झाला असेल तर कोणीतरी कंटाळून सगळं तिथेच लिहायला लागलंय.